शेंगेन व्हिसासाठी प्रवास विमा: वकिलात काय वाचते आणि आपण काय वाचायचं

पुण्यात राहणारं एक जोडपं धरू. वडील ७१ वर्षांचे, आई ६६ वर्षांची. मुलगी म्युनिकला नोकरीला आहे, जूनमध्ये तिला बाळ होणार आहे आणि दोघं ६ मे ते २८ जुलै तिच्याकडे राहणार आहेत. मधे चार दिवस स्वित्झर्लंड, आणि जमलंच तर लंडनला भाच्याकडे एक चक्कर. वडिलांना मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि चार वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलेला आहे. युरोपात मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच आईवडिलांचा मामला थोड्याफार फरकाने असाच असतो, म्हणून पुढचं सगळं याच जोडप्याला समोर ठेवून लिहितो.

विम्याची पॉलिसी दोन वेगवेगळी माणसं वाचतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. वकिलातीतला अधिकारी फक्त सर्टिफिकेट वाचतो. नाव, तारखा, प्रदेश, रक्कम आणि दोन-तीन ठरावीक शब्द दिसले की त्याचं काम संपतं. दुसरा माणूस म्हणजे विमा कंपनीचा क्लेम तपासणारा. तो त्याच पॉलिसीची चाळीस-पन्नास पानांची नियमावली वाचतो, आणि तेही आपण म्युनिकच्या इस्पितळात असताना. पहिल्याला पसंत पडणारी पॉलिसी स्वस्तात आणि दहा मिनिटांत मिळते. पण दुसऱ्यापुढे ती टिकेलच असं नाही, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत तर बरेचदा टिकत नाही.

नियम मुळात काय मागतो

शेंगेनच्या लहान मुदतीच्या व्हिसाचे नियम युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेत आहेत. २००९ चा ८१० क्रमांकाचा हा नियम ५ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि विम्याबद्दलचं त्याचं कलम १५ वं आहे. ते फार लांबलचक नाही. आजारपणामुळे मायदेशी परत आणावं लागलं तर तो खर्च, तातडीचे उपचार, इस्पितळातले आपत्कालीन उपचार आणि मृत्यू, एवढ्या गोष्टी विम्यात असल्या पाहिजेत. रक्कम किमान ३०,००० युरो. विमा सगळ्या शेंगेन देशांत लागू असला पाहिजे आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात आले पाहिजेत. शिवाय या कंपनीकडून युरोपात पैसे प्रत्यक्ष वसूल होऊ शकतील का, हे वकिलातीने पाहायचं असतं.

मागणी एवढीच आहे. सामान हरवणं, विमान चुकणं, पासपोर्ट चोरीला जाणं, आपण नसताना घरफोडी होणं, यातलं काहीही व्हिसासाठी लागत नाही. एजंट जेव्हा ‘व्हिसासाठी आमचा प्लॅटिनमच घ्या’ म्हणतो, तेव्हा त्यातला अर्धा पैसा या असल्या गोष्टींवर जातो. हव्या असतील तर जरूर घ्याव्यात, पण वकिलातीच्या नावावर नको. आईवडिलांच्या पॉलिसीत तो पैसा वैद्यकीय बाजूला घातलेला बरा.

विमा पुरेसा किंवा वैध नसणं हे त्याच संहितेत व्हिसा नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे. नकाराच्या छापील फॉर्मवर त्यासाठी वेगळी चौकट असते. बाकी फाइल निर्दोष असतानाही तिथे खूण होऊ शकते आणि ९० युरोंची फी परत मिळत नाही.

आधी त्या देशाची चेकलिस्ट

अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम आहे त्याच्याकडे करायचा. आपल्या जोडप्यासाठी तो जर्मनी. नियम सगळ्यांना एकच असला तरी प्रत्येक देशाची चेकलिस्ट थोडी वेगळी असते, आणि ती अधूनमधून बदलते. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी वापरलेली यादी व्हॉट्सअ‍ॅपवरून न घेता व्हिसा केंद्राच्या संकेतस्थळावरून ताजी उतरवून घ्यावी. त्यात विम्याची ओळ शोधून ती शब्दशः वाचावी. कुठे फक्त ‘३०,००० युरो, सर्व शेंगेन देश’ एवढंच असतं. कुठे मुक्कामापेक्षा काही दिवस जास्तीचे मागितलेले असतात, तर कुठे डिडक्टिबल म्हणजे आपल्या खिशातून जाणारी पहिली रक्कम शून्य असावी असं म्हटलेलं असतं. आपल्या यादीत असं काही असेल, तर वाद न घालता तशीच पॉलिसी घ्यावी.

व्हिसा केंद्रातली मंडळी कागद गोळा करतात, निर्णय वकिलात घेते. काउंटरवरच्या मुलाने ‘चालेल’ म्हटलं याला फारसा अर्थ नाही. केंद्रात विमा विकायलाही ठेवलेला असतो, पण तिथूनच घेण्याची सक्ती नसते. अपॉइंटमेंटच्या दिवशी पॉलिसीत चूक सापडली आणि दुसरा इलाज उरला नाही, तर अडीनडीला तो उपयोगी पडतो, इतकंच.

तारखा

चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, आणि त्या वकिलातीला लगेच दिसतात. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ६ मेच्या पहाटे दीडचं विमान असेल तर घर ५ मेच्या संध्याकाळी सुटतं. परतीला २८ जुलैच्या रात्री म्युनिकहून निघालं की मुंबईत उतरेपर्यंत २९ तारीख उजाडते. युरोपातला मुक्काम ६ मे ते २८ जुलै, म्हणजे मेचे २६, जूनचे ३० आणि जुलैचे २८ मिळून ८४ दिवस. विमा मात्र ५ मे ते २९ जुलै असा हवा, म्हणजे ८६ दिवस. एजंटने ‘८४ दिवसांचा प्लॅन’ म्हणून फॉर्म भरला आणि सुरुवात ५ मे धरली, तर पॉलिसी २७ जुलैलाच संपते आणि मुक्कामाचा शेवटचा दिवस उघडा पडतो. दिवसांची संख्या न सांगता सुरुवातीची आणि शेवटची तारीख सांगावी, आणि सर्टिफिकेटवर त्याच तारखा आल्यात का हे डोळ्यांनी पाहावं.

यात आणखी आठ-दहा दिवस मिळवून पॉलिसी ८ ऑगस्टपर्यंत घ्यावी असं माझं मत आहे. बाळंतपणाच्या घरात तिकीट पुढे ढकललं जाणं नवं नाही, आणि विमान रद्द होऊन दोन दिवस अडकणं तर कोणाच्याही बाबतीत होतं. वाढीव दिवसांचा हप्ता त्यामानाने किरकोळ असतो. मुदत परदेशातून वाढवता येते, पण ती संपण्याआधी, तब्येत ठीक असल्याचं लिहून देऊन, आणि कंपनीला मान्य असेल तरच. आजारी पडल्यावर मुदत वाढवायला गेलं तर नकार ठरलेलाच. मात्र शेंगेनमधला मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे जाता कामा नये. तो व्हिसाचा नियम आहे आणि विम्याची मुदत कितीही वाढवली तरी तो सैल होत नाही.

सतत प्रवास करणाऱ्यांसाठी वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी मिळते. वर्षात कितीही फेऱ्या चालतात, पण एका फेरीला दिवसांची मर्यादा असते, ३०, ४५, ६० अशी. कंपनीच्या कामासाठी आठवडाभर जाणाऱ्याला ती उत्तम. ८४ दिवस राहणाऱ्या आईवडिलांना ती घेऊन दिली, तर सर्टिफिकेटवर वर्ष दिसेल आणि विमा मात्र अर्ध्या मुक्कामातच संपेल. अधिकाऱ्याने फेरीची मर्यादा वाचली तर अर्ज अडकतो. त्याने वाचली नाही तर परिस्थिती आणखी वाईट, कारण ती मग क्लेमच्या वेळी वाचली जाते.

आपल्या जोडप्याने मल्टिपल एंट्री व्हिसा मागितला असेल तरी विमा पहिल्या फेरीपुरताच दाखवायचा असतो. पुढच्या प्रत्येक फेरीला विमा घेईन, हे विधान अर्जाच्या फॉर्मवरच छापलेलं असतं आणि आपण त्याखाली सही करतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना आधीचे व्हिसे नीट वापरले असतील तर दोन आणि पुढे पाच वर्षांचे व्हिसे देण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे या सहीला महत्त्व आलंय. पाच वर्षांची पॉलिसी कोणी मागत नाही, पण चौथ्या फेरीला विम्याशिवाय जाणं हा त्या सहीचा भंगच.

प्रदेश

सर्टिफिकेटवर प्रदेशाच्या रकान्यात ‘शेंगेन’, ‘युरोप’ किंवा ‘अमेरिका-कॅनडा वगळून जगभर’ यांपैकी काहीतरी असतं. फक्त ‘जर्मनी’ किंवा ‘जर्मनी, स्वित्झर्लंड’ असं लिहिलेली पॉलिसी चालत नाही, भले आपण तेवढेच देश फिरणार असू. नियमाला २९ च्या २९ शेंगेन देश हवेत. ‘युरोपीय संघातील देश’ एवढाच शब्द असेल तर तोही अपुरा, कारण स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन शेंगेनमध्ये आहेत पण संघात नाहीत. आयर्लंडचं बरोबर उलटं आहे.

आता लंडनची चक्कर. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तिथे जायला वेगळा व्हिसा लागतो, आणि परत म्युनिकला यायचं असेल तर शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा असावा लागतो. शेंगेनपुरती पॉलिसी त्या दिवसांत लंडनमध्ये काहीच देणार नाही. म्हणून अशा प्रवासाला ‘अमेरिका-कॅनडा वगळून जगभर’ हा प्रकार घ्यावा. त्यात आखाती देशांतला विमानबदलही येतो. फक्त अशा सर्टिफिकेटवर ‘शेंगेन’ हा शब्द कुठेतरी यावा असं पाहावं. बहुतेक कंपन्या व्हिसासाठी वेगळं पत्र देतात आणि त्यात ‘सर्व शेंगेन देशांत वैध’ असं वाक्य असतं. ते पत्र मागून घ्यावं.

रक्कम

आपल्याकडच्या पॉलिसी बहुधा डॉलरमध्ये असतात: ५०,०००, १ लाख, २.५ लाख, ५ लाख अशा पायऱ्यांनी. वकिलात मागते युरो. युरो १.१५ डॉलरचा धरला तर ३०,००० युरो म्हणजे ३४,५०० डॉलर. आशियासाठीच्या स्वस्त योजनांमध्ये २५ किंवा ३० हजार डॉलर असतात. आकडा सारखा दिसतो म्हणून कोणी ३० हजार डॉलरवाली पॉलिसी लावली, तर ती सरळ कमी भरते. ५०,००० डॉलर घेतले की व्हिसापुरता प्रश्न मिटतो आणि दर थोडा वरखाली झाला तरी फरक पडत नाही. रक्कम प्रत्येकी हवी, हेही पाहावं. पतीपत्नीच्या एकत्र पॉलिसीत ५०,००० डॉलर दोघांत मिळून असतील तर एकाच्या वाट्याला २५,००० येतात, आणि प्रत्येक अर्जाचा विचार स्वतंत्र होतो.

व्हिसा मिळतो म्हणून ५०,००० पुरेत का? पस्तिशीतल्या निरोगी माणसाला दहा दिवसांसाठी मी पुरेत म्हणेन. एकाहत्तर वर्षांच्या, स्टेंट असलेल्या माणसाला नाही. अतिदक्षता विभागातला आठवडा आणि नंतर डॉक्टर बरोबर घेऊन स्ट्रेचरवर मायदेशी आणणं, एवढ्यात ती रक्कम संपू शकते. स्ट्रेचरसाठी प्रवासी विमानात अनेक सीट काढून टाकाव्या लागतात आणि त्या सगळ्यांचं भाडं भरावं लागतं. वयाप्रमाणे १ लाख डॉलर तरी बघावेत.

३०,००० हा आकडा शेंगेनपुरताच आहे हेही सांगितलं पाहिजे, कारण तो सगळीकडे चिकटवला जातो. ब्रिटन आणि अमेरिकेच्या साध्या पर्यटक व्हिसाला विमा लागतच नाही. कॅनडाच्या साध्या व्हिझिटर व्हिसालाही लागत नाही, पण आईवडिलांच्या सुपर व्हिसाला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशाच्या तारखेपासून निदान एक वर्षाचा विमा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचं दाखवावं लागतं. पूर्वी कंपनी कॅनडाचीच लागायची. जानेवारी २०२५ पासून तिथल्या वित्तीय नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपन्याही चालतात.

वकिलात जे वाचत नाही ते

सर्टिफिकेटवर ठळक अक्षरांत ‘वैद्यकीय खर्च: ५०,००० डॉलर’ असतं. ज्येष्ठांच्या योजनांमध्ये त्याखाली, कधी बारीक अक्षरांत तर कधी फक्त नियमावलीत, पोटमर्यादा असतात. खोलीचं भाडं दिवसाला इतकं, अतिदक्षता विभाग दिवसाला इतका, शस्त्रक्रिया इतकी, भूल देणाऱ्याचे इतके. काही योजनांत साठ किंवा सत्तरच्या पुढे ‘कोणत्याही एका आजाराला कमाल इतके’ अशी वेगळी टोपी असते. समजा ती टोपी १२,५०० डॉलरची आहे. वडिलांना म्युनिकमध्ये न्यूमोनिया झाला आणि बिल २०,००० डॉलर झालं, तर पॉलिसी ५० हजारांची असूनही कंपनी देणार १२,५००, आणि त्यातूनही आधी डिडक्टिबल वजा करणार. ते १०० डॉलर असेल तर हातात १२,४०० आणि खिशातून ७,६००. वकिलातीने हीच पॉलिसी बिनतक्रार स्वीकारलेली असते. म्हणून ‘पोटमर्यादा नसलेला’ प्रकार आहे का हे विचारावं. तो महाग असतो. तरीसुद्धा सामान-विमानाच्या जादा सोयी काढून टाकून पैसा इथे घालावा.

दुसरं कलम आधीपासूनच्या आजारांचं. बहुतेक योजनांत असे आजार वगळलेले असतात. जिवावर बेतलं तरच, प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च आणि तोही एका छोट्या मर्यादेपर्यंत मिळतो. वडिलांच्या स्टेंटचा विचार करा. छातीत दुखून दाखल केलं की क्लेम तपासणारा सगळ्यात आधी जुना इतिहास विचारणार. जर्मन डॉक्टर दाखल करताना ‘पूर्वी स्टेंट’ असं लिहिणारच, कारण त्याला उपचारासाठी ते लिहावंच लागतं. फॉर्मवर आपण ‘आजार नाही’ अशी खूण केली असेल तर तोच कागद क्लेम फेटाळायला पुरतो, आणि कधीकधी पूर्ण पॉलिसीच रद्द होते. एजंट ‘हप्ता वाढेल, नका लिहू’ असा सल्ला देतो तेव्हा तो आपल्या व्हिसाची काळजी घेत असतो, आपली नाही. मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, चालू औषधं सगळं लिहावं आणि आधीच्या आजारांसाठी वाढीव संरक्षण किती रकमेपर्यंत मिळतं हे विचारावं. शून्य, अमुक हजार डॉलर की पूर्ण विमा रक्कम, हा फरक फार मोठा आहे.

परत आणण्याच्या खर्चातही दोन वेगळ्या ओळी असतात. एक आजारी माणसाला परत आणण्याची आणि दुसरी पार्थिव परत आणण्याची. नियमाला दोन्ही हव्यात. काही सर्टिफिकेटवर पार्थिवाची ओळ असते पण वैद्यकीय कारणाने परत आणण्याची नसते. अधिकाऱ्याला ती दिसली नाही तर तो हरकत घेऊ शकतो. पार्थिवाच्या ओळीला बरेचदा ५ किंवा ७ हजार डॉलरची वेगळी मर्यादा असते. दोन्ही खर्च वैद्यकीय रकमेतच धरणारी योजना मिळाली तर प्रश्नच मिटतो. या विषयावर घरात बोलायला कोणाला आवडत नाही, पण शवपेटी, दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि विमानाचं कार्गो भाडं हे सगळं परक्या शहरात मुलीला एकटीने उभं करावं लागतं.

डिडक्टिबलबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. १०० डॉलर डिडक्टिबल असेल तर ताप-खोकल्यासाठी डॉक्टरकडे जाऊन आल्याचं बिल बहुधा त्याच्या आतच बसतं, म्हणजे ते आपलंच. शिवाय बाहेरच्या बाहेर घेतलेल्या उपचारांचे पैसे सहसा आपण भरून नंतर मागायचे असतात. कॅशलेसची सोय मुख्यतः दाखल झाल्यावर, आणि तीही कंपनीच्या मदत क्रमांकावर वेळेत कळवलं असेल तर.

मुलीने जर्मनीतच आईवडिलांच्या नावाने पाहुण्यांसाठीचा विमा काढला तर? संहिता म्हणते की अर्जदाराने विमा शक्यतो आपल्या राहत्या देशात घ्यावा, पण दुसऱ्या कोणी अर्जदाराच्या नावाने घेतला तर त्यालाही रकमेच्या आणि प्रदेशाच्या त्याच अटी लागू होतात. म्हणजे वाट बंद नाही. तिथल्या कंपनीकडून वसुलीचा प्रश्न येत नाही आणि भांडायची वेळ आली तर मुलगी तिथेच असते. पण वयाची अट आणि जुन्या आजारांचं कलम तिथेही असतंच. दोन्हीकडची कलमं शेजारी ठेवून ठरवावं.

क्रेडिट कार्डावरच्या फुकट विम्यावर मात्र अर्ज करू नये. त्यात सहसा नावाचं सर्टिफिकेट नसतं, रक्कम अपघातापुरती असते आणि तिकीट त्याच कार्डावर काढण्यासारख्या अटी असतात. आपली भारतातली मेडिक्लेम पॉलिसीही इथे उपयोगाची नाही.

कधी घ्यायची, आणि सर्टिफिकेट कसं तपासायचं

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्याच्या प्रवासाला अपॉइंटमेंट मिळणंच अवघड असतं, त्यामुळे आधी ती पक्की करावी, मग तिकिटाच्या तारखा, आणि विमा अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी. विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारून ठेवावा: व्हिसा नाकारला गेला तर पैसे किती आणि कसे परत मिळतील? बहुतेक कंपन्या पॉलिसी सुरू होण्याआधी नकाराचं पत्र दाखवलं की थोडं शुल्क कापून पैसे परत करतात. सुरुवातीची तारीख उलटून गेली तर प्रवास केलाच नाही हे दाखवायला पासपोर्टच्या सगळ्या पानांची प्रत मागतात, म्हणून नकार आला की त्याच आठवड्यात कळवावं.

पॉलिसी ईमेलवर आली की पासपोर्ट शेजारी ठेवून वाचावी. नाव जसंच्या तसं हवं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं, पण विम्याच्या ऑनलाइन फॉर्मवर ते गळून पडतं किंवा आद्याक्षर होतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, पासपोर्टवर जुनंच असतं आणि फॉर्म भरणाऱ्याने आधारकार्डावरचं टाकलेलं असतं. अशी चूक दिसली की कंपनीकडून दुरुस्तीचं एंडॉर्समेंट घ्यावं. अपॉइंटमेंटला पेनाने सुधारून नेलेला कागद चालत नाही. मग पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, दोन्ही तारखा, प्रदेश, प्रत्येकी रक्कम, परत आणण्याच्या दोन ओळी, आणि युरोपातून लावता येईल असा चोवीस तासांचा मदत क्रमांक. वसुलीची शक्यता अधिकारी बऱ्याच अंशी या शेवटच्या गोष्टीवरून जोखतो, म्हणून फक्त भारतातला टोल-फ्री क्रमांक असलेलं सर्टिफिकेट कच्चं समजावं.

फाइलला सर्टिफिकेट आणि व्हिसासाठीचं पत्र जोडावं. पन्नास पानी नियमावली छापून द्यायची गरज नसते, ती आपल्या फोनमध्ये आणि एक प्रत मुलीकडे असावी. तिच्याकडे पॉलिसी क्रमांक आणि मदत क्रमांक असणं जास्त महत्त्वाचं, कारण आजारी पडलेला माणूस स्वतः फोन करत नसतो.

पासपोर्ट परत आल्यावर स्टिकर वाचावा. ‘पासून-पर्यंत’च्या तारखा आणि ‘मुक्कामाचे दिवस’ हे दोन वेगळे रकाने असतात. तारखांच्या खिडकीत बहुधा पंधरा दिवस वाढवून दिलेले असतात. ते प्रवास पुढेमागे झाला तर सोय म्हणून, राहण्याचे दिवस मात्र दुसऱ्या रकान्यात असतील तेवढेच. आपल्या जोडप्याला ८४ मागून ८४ मिळाले तर पॉलिसीला हात लावायचं कारण नाही. ६० च मिळाले, किंवा खिडकी १५ मेपासून उघडली, तर तिकिटाबरोबर पॉलिसीच्या तारखाही बदलून घ्याव्या लागतात. हा बदल भारतातून निघण्याआधी आणि पॉलिसी सुरू होण्याआधी सहज होतो. ती एकदा सुरू झाली की कंपनी तारखा मागे-पुढे करायला सहसा तयार होत नाही.